वहीतले अडीच अंश

महांतप्पानं दस्तगीरच्या तोंडावर पहिली लाथ घातली, तेव्हा माझी मोजणीची वही गुंडाप्पा मास्तरांच्या हातात होती आणि त्या वहीत मी खोटं लिहिलेलं होतं. हे त्या माळावरच्या शंभर-सव्वाशे माणसांत दोघांनाच ठाऊक होतं. एक मी, आणि दुसरा तोंडातून रक्त गाळत मातीत पडलेला दस्तगीर.

वाडीचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून हयात आहेत आणि मला त्यांच्याशी नव्यानं वैर नको. उमरग्याकडून मुरुमला येताना डाव्या हाताला पडते, एवढं पुरे. साल अठ्ठेचाळीस, सप्टेंबर सरत आलेला. हिंदी फौज मोठ्या सडकेनं हैदराबादकडे निघून गेली होती, निजामाचं राज्य चार दिवसांत आटोपलं होतं, आणि वर्षभर मार खाल्लेली माणसं आता मारायला निघाली होती. ज्यानं छळलं तो हाती लागेल तर ना! तो पळाला होता. मग मागं राहिलेल्या गरिबांची घरं पेटली. दस्तगीरचंही त्या सकाळी पेटलं. बायकोला शेजारच्या धुळाप्पा धनगरानं मेंढवाड्यात लपवलं म्हणून ती वाचली. दस्तगीरला मात्र फरफटत वळणावर आणलं.

मी वीरभद्र, मुरुमच्या पेठेतल्या एका वाण्याचा पोरगा, रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसियर. दस्तगीर माझा साखळीवाला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, अंगठाछाप. शंभर फुटी लोखंडी साखळीचं एक टोक अकरा वर्षं त्याच्या हातात होतं. मी दुर्बिणीला डोळा लावायचा आणि मी हात करीन तिथं त्यानं बाभळीची खुंटी मोगरीनं ठोकायची, हा आमचा संसार. मी त्याला चाचा म्हणायचो, तो मला साहेब म्हणायचा आणि माझ्या पोरांसाठी येताना बोरं आणायचा.

महांतप्पाचा आरोप सोपा होता. नव्या रस्त्याचं हे वळण सरकारी नकाशात आडाला टाळून जात होतं. आता ते आडाच्या डोक्यावरून गेलंय. आडात त्याचा थोरला भाऊ शंकरप्पा आहे, आणखी दोघं आहेत. खुंट्या कुणी ठोकल्या? दस्तगीरनं. दस्तगीर कोण? ज्या सालारनं त्यांना मारलं त्याच्या जातीचा. झाला निवाडा.

मला बोलावलं होतं साक्षीला. मी त्यांच्यातला, गळ्यात लिंग असलेला, शिकलेला. वाटेत दोघांनी मला रामराम केला, एकानं घोंगडं अंथरलं. वही मीच घेऊन गेलो. न नेता काय करणार होतो?

आता मे महिन्यात काय झालं ते सांगतो. त्यावाचून पुढचं कळायचं नाही.

उमरग्याकडून येणारा सरळ रस्ता आणि मुरुमकडे जाणारा सरळ रस्ता, दोन्ही रेषा त्या माळावर एका ठिकाणी भेटत होत्या. तिथं आम्ही दगड रोवला होता. आम्ही त्याला माथा म्हणायचो. माथ्याशी रस्ता त्रेचाळीस अंशांनी वळत होता. लॉरी काही बैल नव्हे जागेवर वळायला, म्हणून दोन रेषांच्या मध्ये गोल वळण बसवायचं असतं. वर्तुळ मोठं घेतलं की वळण माथ्यापासून लांबून, सावकाश जातं. लहान घेतलं की माथ्याला बिलगून, करकचून वळतं. मंजूर नकाशात त्रिज्या पाचशे त्र्याहत्तर फूट होती. त्या हिशेबानं रस्त्याची मधली रेषा माथ्यापासून त्रेचाळीस फुटांवरून जात होती. जुना पडका, कोरडा आड माथ्यापासून एकवीस फुटांवर. रस्त्याची कड त्याच्यापासून चांगली पाच फूट सुटत होती.

त्या दिवशी दुपारी सालार आला. सालार म्हणजे निजामाच्या बाजूनं बंदुका घेऊन फिरणाऱ्या टोळीचा म्होरक्या, नाव गफूरखां. लॉरीत आठ-दहा बंदूकवाले, आणि हात मागं बांधलेले तिघं. त्यांतला शंकरप्पा मी ओळखला. आमच्या दुकानातून गूळ न्यायचा तो. सरहद्दीपलीकडे सोलापूरच्या बाजूला निजामाविरुद्ध लढणाऱ्या आपल्या पोरांचे तळ होते, तिकडे हे तिघं भाकरी पोचवायचे म्हणे.

आडाच्या काठावर उभं करून गोळ्या घातल्या. विचारपूस नाही, काही नाही. दोघं गोळीसरशी आत गेले. शंकरप्पाच्या खांद्यात गोळी बसली. तो बसला, उठला, आमच्याकडे तोंड करून दोन पावलं चालला. एकानं बंदुकीच्या दस्त्यानं त्याचं डोकं फोडलं आणि पायांना धरून आत लोटलं.

मग सालार माझ्याकडे वळला. दोन दिवसांनी हैदराबादहून चौकशीला कुणी बडा अंमलदार येणार होता. त्याला आड दिसता कामा नये.

“सडक इसके ऊपरसे जायेगी,” तो म्हणाला.

मी नकाशा काढला. नकाशा मंजूर आहे, वर साहेबांची सही आहे, असं काहीबाही बोललो. सालारनं माझ्या छातीत दस्ता हाणला. आजही थंडीत तिथं ठणकतं. दस्तगीर मध्ये आला. त्यानं हात जोडून त्यांच्या बोलीत सांगितलं, की आत माणूस जिता आहे, आधी त्याला काढू द्या. त्याच्या कानशिलात अशी बसली की त्याची टोपी उडून आडात पडली.

आत माणूस जिता होता हे खरं. आवाज येत होता.

मी भ्यालो. उगाच शब्द फिरवत बसत नाही, भ्यालो. आणि भ्यालेल्या माणसाचं डोकं काय झकास चालतं म्हणून सांगू! दोन मिनिटांत मी हिशेब केला. मधली रेषा त्रेचाळीस फुटांवरून एकवीस फुटांवर आणायची, म्हणजे निम्म्यावर. मग त्रिज्या निम्मी करायची: दोनशे साडेशहाऐंशी. मोठ्या वळणात दर पन्नास फुटांना दुर्बीण अडीच अंश फिरवायची होती, आता पाच अंश. वळणाची सुरुवात माथ्यापासून दोनशे सव्वीस फुटांवर होती, ती आता एकशे तेरा फुटांवर. सगळं कसं निम्म्यानं बसत गेलं, जणू कुणी आधीच योजून ठेवलं होतं.

मी दुर्बीण एकशे तेरा फुटांवर मांडली. माथ्याच्या दगडाकडे रोखून शून्य लावलं. उजवीकडे पाच अंश फिरवली. दस्तगीरनं दुर्बिणीच्या खालच्या खुंटीपासून पन्नास फूट साखळी ताणली आणि मी हात करीन तसा डावी-उजवीकडे सरकत माझ्या नजरेच्या रेषेवर आला. पहिली खुंटी. दुर्बीण दहा अंशांवर. पहिल्या खुंटीपासून पन्नास फूट, पुन्हा माझ्या रेषेवर. दुसरी खुंटी. आड तिच्या पुढं सात फुटांवर होता. दस्तगीर ती खुंटी ठोकत होता तेव्हा आतून शंकरप्पा पाणी मागत होता. मोगरीचा एक घाव, आतून एक हाक, असं चाललं होतं. दस्तगीरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवून दुर्बिणीला डोळा लावला आणि हातानं खूण केली, पुढं.

पंधरा अंश, तिसरी. वीस अंश, चौथी. उरले पंधरा फूट, त्याचा दीड अंश. साडेएकवीस अंश, म्हणजे त्रेचाळीसच्या बरोब्बर निम्मे. शेवटची रेषा अशी निम्म्यावर आली की समजायचं कोन चुकले नाहीत. माथ्यापासून मुरुमच्या बाजूला एकशे तेरा फूट मोजून मी आधीच एक लोखंडी खिळा रोवला होता, वळण तिथं संपायला हवं. साखळी खिळ्याच्या चार बोटं पुढं गेली. हे असं व्हायचंच. साखळी सरळ ओढतात आणि वळण वाकडं असतं, आम्ही वाकड्याची लांबी सरळ मोजलेली, दर तुकड्याला बोटभर वाढते. एरवी मी ती चार बोटं मागच्या खुंट्यांत वाटून टाकली असती. त्या दिवशी धीर नव्हता. दस्तगीरनं खिळ्याच्या पुढं चार बोटांवर खुंटी ठोकली ती तशीच राहिली.

तोवर बंदूकवाल्यांनी आडात दगड टाकायला सुरुवात केली होती. पाचव्या-सहाव्या दगडानंतर हाक बंद झाली. परगावचे मजूर आणून दोन दिवसांत आड बुजवला, खुंट्यांवरूनच वीतभर मुरूम पसरला. चौकशीचा अंमलदार लॉरीतून न उतरताच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही लिहिली. वरून तपासणी आली तर वही आणि नकाशा जुळायला हवेत. म्हणून वहीत मी पाच अंश लिहिलेच नाहीत. अडीच लिहिले. अडीच, पाच, साडेसात, दहा… शेवटी साडेएकवीस. पाचशे त्र्याहत्तरची त्रिज्या. सुबक अक्षरात, शाईनं. जीव वाचवायला केलं असं मी स्वतःला सांगत होतो. जीव आदल्या दिवशीच वाचला होता. वही लिहिली ती नोकरीसाठी.

आता पुन्हा सप्टेंबरात या.

गुंडाप्पा मास्तर भला माणूस, गणिताचा पक्का. त्यांनी माझी वही वाचली, पाटीवर आकृती काढली, पाढे म्हणत म्हणत हिशेब केला. या कोनांनी वळण माथ्यापासून त्रेचाळीस फुटांवर यायला हवं, असं त्यांनी सर्वांना सांगितलं. मग दोरी घेऊन मोजलं. रस्ता एकवीसवर होता.

“ओव्हरसियरनं बराबर लिवलंय,” मास्तर म्हणाले. “खुंट्या सरकिवल्यात.”

महांतप्पानं मला विचारलं, तुम्ही दाखवली तिथंच यानं खुंट्या ठोकल्या का? सगळा माळ माझ्याकडे बघत होता. शंकरप्पाची बायको पार्वतम्मा समोर बसली होती, चार महिन्यांत सुकून काटकी झालेली. मी नुसती मान हलवली, नाही अशी.

त्या मानेला काय शिक्षा द्यावी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग चार-पाच जण दस्तगीरवर तुटून पडले. काठ्या, जोडे, एकाकडे बैलगाडीचं शिवळ, जोखडातला जाड दांडा. त्यानं डोक्यावर डावा हात धरला होता, शिवळ त्यावर बसलं. हाड मोडलं तो आवाज मला दहा पावलांवर ऐकू आला. तो ओरडला नाही. कुणीतरी म्हणालं, ज्या हातानं मोगरी धरली तो आधी तोडा. कुऱ्हाड हातोहात पुढं आली. दोघांनी त्याचा उजवा हात ओढून दगडावर धरला.

मला वाटत होतं, आता हा माझं नाव घेणार. त्यानं घ्यावं असंही वाटत होतं. त्यानं घेतलं असतं तर मला नाकारता आलं असतं, आणि लोकांनी माझंच ऐकलं असतं. त्यानं नाव घेतलं नाही. मातीनं भरलेलं तोंड माझ्याकडे वळवलं.

“साहेब,” तो म्हणाला, “दुर्बीन मांडा.”

एवढंच. अकरा वर्षं रोज सकाळी मीच त्याला म्हणायचो, चाचा, दुर्बीण मांडू या. कुऱ्हाडवाल्यानं हातावर थुंकून दांडा घट्ट धरला, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं:

“वही खोटी हाय. रेषा म्या फिरिवली.”

कुऱ्हाड थांबली, पण कुणी विश्वास ठेवला म्हणून नव्हे. लोक हसले. ओव्हरसियर मऊ काळजाचा आहे, जुन्या नोकराला वाचवायला बघतोय, असं एकजण म्हणाला. महांतप्पा तर मला समजावू लागला, वीरभद्रप्पा, तुम्ही घरी जा, हे तुमच्यानं बघवायचं नाही. माझ्या खोट्यावर चट विश्वास, आणि खऱ्याला हसू! मला अशी चीड आली की मी मास्तरांच्या हातातली वही हिसकली आणि धुळीत फेकली.

मी म्हणालो, साखळीवाल्यानं खुंट्या चोरून सरकवल्या असत्या तर त्या वेड्यावाकड्या पडल्या असत्या. गोल वळण नुसत्या हातानं साधत नाही. प्रत्येक खुंटी एका कोनावर आणि पन्नास फुटांवर असावी लागते, कोन दुर्बिणीवर असतो, आणि दुर्बिणीपाशी मी होतो. मी आता इथून रेषा लावतो. मुरमाखाली खुंटी कुठं आहे ते उकरायच्या आधी सांगतो. एक जरी बोटभर चुकली, तर याच्यासंगं माझाही हात तोडा.

मास्तरांनी मान डोलावली. त्यांना गणित कळत होतं आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

दुर्बीण माझ्या बैलगाडीत होती, कामाचं सगळं सामान तिच्यातच असायचं. मांडली. माथ्याचा दगड रस्त्याच्या बाहेर जागेवरच होता, त्याला कुणी हात लावला नव्हता. त्यापासून उमरग्याच्या बाजूला एकशे तेरा फूट मोजले, उकरलं, सुरुवातीची खुंटी निघाली. माणसं जरा पुढं सरकली. मी दुर्बीण तिच्यावर ओळंबा लावून बसवली, माथ्यावर शून्य धरलं.

साखळी धरायला माणूस हवा होता. एक तरणा पोरगा आला. त्यानं साखळी ढिली सोडली, मग ओढताना पीळ पडला, मला रेषा मिळेना. गर्दी कुजबुजायला लागली. तेव्हा दस्तगीर उठला. डावा हात कोपरातून लोंबत होता. कुणीतरी त्याला मागं ओढलं, पार्वतम्मा म्हणाली, “सोडा त्याला. बघू द्या काय दावतोय.”

त्यानं साखळीची मूठ उजव्या हातात घेतली. मी पाच अंश लावले. तो पन्नास फुटांवर गेला, साखळी ताणली, माझ्या हाताकडे बघत एक पाऊल डावीकडे, अर्धं उजवीकडे, आणि उभा राहिला. टाचेनं खूण केली. मी ओरडून सांगितलं, इथं उकरा. वीतभर मुरूम निघाला आणि बाभळीच्या खुंटीचं ठेचलेलं डोकं दिसलं. खूण तिच्या बरोबर वर होती.

दहा अंश. त्या खुंटीपासून पन्नास फूट. उकरलं. दुसरी निघाली. हिच्या पुढं सात फुटांवर आड आहे, मी म्हणालो. सात-आठ जण तिथं कुदळी घेऊन तुटून पडले. बाकीचे आमच्या मागं आले. पंधरा अंश, तिसरी. वीस अंश, चौथी. दस्तगीर दर वेळी खाली वाकायचा, तेव्हा त्याचा मोडलेला हात जमिनीला टेकायचा आणि त्याच्या घशातून आवाज निघायचा. तरी साखळी ढिली पडली नाही.

मग महांतप्पानं मास्तरांना सांगितलं, वहीतला कोन लावून बघा. मास्तर दुर्बिणीपाशी आले. वहीतल्या वळणाची सुरुवात जिथं व्हायला हवी तिथं, दोनशे सव्वीस फुटांवर उकरून पाहिलं. काही नव्हतं. तिथून अडीच अंशांवर, पन्नास फुटांवर उकरलं. तिथंही काही नव्हतं, आणि पुढची रेषा तर रस्ता सोडून कोऱ्या माळात शिरत होती. मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

शेवटची उरली होती. साडेएकवीस अंश, पंधरा फूट. मी आधीच सांगितलं, इथं दोन खुणा निघतील. लोखंडी खिळा, आणि त्याच्या पुढं चार बोटांवर खुंटी. उकरल्यावर दोन्ही निघाल्या. महांतप्पानं गुडघ्यावर बसून मध्ये बोटं घातली. चार बसली.

तेवढ्यात आडाकडून आरडाओरड झाली. दगड बाजूला झाले होते आणि पहिला हात दिसला होता. पार्वतम्मा धावली. मी गेलो नाही. मागून ऐकलं, की दगडांखाली एक टोपी सापडली, दस्तगीरची. शंकरप्पा आडाच्या भिंतीला टेकून बसलेला निघाला, हातांची दोरी त्यानं कशीबशी सोडवलेली, आणि लिंग ठेवायची चांदीची डबी त्याच्या उजव्या मुठीत होती. आमच्यात माणसाला बसवूनच माती देतात, हातात लिंग देऊन. त्यानं स्वतःच ते करून घेतलं होतं. म्हणजे दगड पडायला लागले तेव्हा तो शुद्धीवर होता.

महांतप्पा आडाकडून परत आला तेव्हा त्याच्या हातात माझीच मोगरी होती. त्यानं विचारलं, तो आत जिता होता, तुम्हाला आवाज येत होता का? मी हो म्हणालो. त्या दिवसात मी बोललेलं ते दुसरं खरं.

त्यानं मोगरी दस्तगीरपुढं धरली.

“घे. तुजा हक हाय.”

दस्तगीरनं मोगरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यानं ती घेतली, जमिनीवर ठेवली आणि तिच्या शेजारी बसला. म्हणाला, “म्या खुंट्या ठोकतो, मानसं न्हाय.”

महांतप्पाला तेवढा धीर नव्हता, आणि मी त्याला दोष देत नाही. दोघांनी मला धरलं. ज्या दगडावर मघाशी दस्तगीरचा हात होता, त्यावर माझा उजवा ठेवला. मला वाटलं, एकदाच मारील. त्यानं तीनदा मारली. अंगठा वाचला, करंगळी वाचली. मधली तिन्ही गेली, ज्यांत मी लेखणी धरायचो आणि दुर्बिणीचा बारीक स्क्रू फिरवायचो ती. दुसऱ्या घावाला मी ओरडलो आणि आडाकडच्या बायका क्षणभर रडायच्या थांबल्या.

त्यानंतर सगळे तिकडे गेले. तिघांना बाहेर काढायचं होतं, मातीची तयारी करायची होती. वळणावर आम्ही दोघंच उरलो, माझा उजवा आणि त्याचा डावा हात निकामी. धुळाप्पानं पाणी आणलं. आधी दस्तगीरला दिलं, हे मला आवडलं.

मी त्याला विचारलं, चाचा, तू माझं नाव का घेतलं नाहीस?

“घिऊन कोन ऐकनार व्हतं?” तो म्हणाला. “वही तुमची, गाव तुमचं.”

थोड्या वेळानं तो उठला, धुळीत पडलेली वही पायानं सरकवत माझ्यापाशी आणली आणि उजव्या हातानं झटकून माझ्या मांडीवर उघडी ठेवली. त्याला वाचता येत नव्हतं, पण पान बरोबर निघालं. कोनांचं पान कसं दिसतं ते त्याला अकरा वर्षांत पाठ झालं होतं. माझ्या खिशातली पेन्सिल त्यानंच काढली आणि माझ्या डाव्या हातात दिली.

“लिवा साहेब,” तो म्हणाला. “पैली खुंटी.”

मी अडीचवर रेघ मारली आणि शेजारी पाच लिहिले. आकडा वाकडा आला. मग त्यानं दुसरी म्हटलं, मी दहा लिहिले. तिसरी म्हटलं, मी पंधरा लिहिले. चौथी, वीस. शेवटी त्यानं चार बोटं दाखवली, ती मी पानाच्या तळाशी टिपून घेतली. वही माझ्याकडेच आहे. खात्यानं परत मागितली तेव्हा हरवली म्हणून कळवलं, आणि ते तेवढं एक खोटं मला अजून खटकत नाही.